गोचीड चावल्यावर वाढणारा चट्टा: कोणती रक्ततपासणी करावी?

माळरान: अमेरिकेच्या ईशान्य भागात राहतो. अकरा दिवसांपूर्वी गुडघ्यामागे खसखशीएवढी गोचीड सापडली, चिमट्याने काढली. किती वेळ चिकटली होती, माहीत नाही. नवव्या दिवशी तिथे चट्टा दिसला. पेनाने कडेने रेघ मारली होती. तेव्हा ५ सेंमी होता, आज ८. खाज नाही, दुखत नाही, अंग मात्र मोडून आलंय. लाइम असावा अशी शंका आहे. विमा नाही, एकच तपासणी परवडेल. एलायझा करू की वेस्टर्न ब्लॉट? घरबसल्या किट मागवलं तर चालेल का?

सदाफुली: दोन्ही करा, पैशांकडे बघू नका! माझ्या नवऱ्याचा गुडघा नारळासारखा सुजला होता. चार डॉक्टर झाले, शेवटी रक्त तपासल्यावर लाइम निघाला. आधीच तपासलं असतं तर सहा महिने वाचले असते.

कडेलोट: चट्ट्याच्या मध्ये पांढरं वर्तुळ आहे का? नेमबाजीच्या फळीसारखं दिसत नसेल तर लाइम नाही. आणि गोचिडीवर तेल सोडायचं होतं, आपोआप सुटते.

माळरान: पांढरं वर्तुळ नाही. सगळा सारखाच रंग, माझ्या सावळ्या कातडीवर लालपेक्षा जांभळटच.

वाटसरू_२: आमच्या कुत्र्याला गळ्यातला पट्टा बांधल्यापासून एक गोचीड नाही. तोच घ्या.

माळरान: कुत्रा नाही हो, मलाच चावली आहे.

पाणकोंबडी: मला चावली तेव्हा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या १०० मिग्रॅच्या दोन गोळ्या एकदम दिल्या, विषय संपला. तपासणी-बिपासणी काही नाही. तुम्हीही तेवढंच मागा.

सूक्ष्मदर्शी: बरीच वर्षं प्रयोगशाळेत याच तपासण्या केल्या, म्हणून लिहिते. माळरान, आत्ता एकही तपासणी करू नका. दोन्हींत जंतू शोधत नाहीत, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती पुरेशी वाढायला काही आठवडे लागतात. चट्टा नवा असताना बऱ्याच जणांचा अहवाल निगेटिव्ह येतो. तो बघून लोक निर्धास्त होतात आणि उपचार राहून जातो. सदाफुलीताई, यजमानांचा गुडघा सुजला तोवर कित्येक महिने गेले असणार, म्हणून त्यांची तपासणी ठाम पॉझिटिव्ह आली. पहिल्या आठवड्यात केली असती तर कदाचित काहीच दिसलं नसतं.

गोचिडीच्या भागात राहणं, चावल्यानंतर काही दिवसांनी उठलेला आणि ५ सेंमीच्या पुढे वाढत जाणारा चट्टा, एवढ्यावर डॉक्टर उपचार सुरू करतात. पांढरं वर्तुळ अनेकांना नसतंच. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, म्हणून असे चट्टे सुटतात. तुमची पेनाची रेघ हाच सगळ्यात चांगला पुरावा, फोटो काढून ठेवा.

पाणकोंबडी, तो एकवेळचा डोस गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत, चट्टा उठायच्या आधी देतात. आता पूर्ण उपचार लागेल, साधारण १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, दहा दिवस.

चक्कर, धडधड, बेशुद्धी किंवा दम लागला तर त्याच दिवशी ईसीजी करून घ्या. हा जंतू हृदयातल्या विद्युत-संदेशांची वाट अडवू शकतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली तरीही थांबू नका.

कडेलोट: तेलाने आमच्याकडे वर्षानुवर्षं गोचिडी काढतात.

सूक्ष्मदर्शी: तेलाने ती लगेच सुटत नाही, तेवढा वेळ चावत राहते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

सदाफुली: मग नवऱ्याचा गुडघा उपचारानंतरही कुरकुरतो, ते का?

सूक्ष्मदर्शी: काहींना जंतू गेल्यावरही सांध्याची सूज रेंगाळते. त्याला आणखी प्रतिजैविकं हवीत की सूज उतरवणारी औषधं, हे सांधेतज्ज्ञ गुडघा तपासूनच ठरवतील.

माळरान: आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. चट्टा ९ सेंमी, रेघ आणि फोटो बघून त्यांनी लगेच लाइम म्हटलं. रक्त घेतलं नाही. नाडी मंद लागली म्हणून ईसीजी काढला, तो व्यवस्थित आहे. डॉक्सिसायक्लिन देत होते, पण माझं काम दिवसभर छपरावर, आणि त्या गोळ्यांनी कातडी उन्हात लवकर भाजते. म्हणून ॲमॉक्सिसिलिन मागून घेतलं, ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, चौदा दिवस.

पाणकोंबडी: डॉक्सीच घ्यायची होती. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की झालं.

सूक्ष्मदर्शी: चट्ट्यासाठी दोन्ही चालतात. फक्त दुपारची गोळी चुकते हा माझा अनुभव, छपरावर सोबत न्या. पहिल्या दिवशी ताप-थंडी वाढली तर घाबरून औषध बंद करू नका. जंतू मरताना तसं होतं, एका दिवसात उतरतं. त्यापेक्षा लांबलं किंवा अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरांना फोन करा.

माळरान: दुपारची पहिली गोळी आजच विसरलो. चार वाजता घेतली.