तीन दारांचं कोडं: शक्यता मोजल्या तर निम्म्या-निम्म्या येतात, मग दार बदलायचं कशाला?

मिलिंद, रामबाग, इंदूर
तीन दारं, एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. मी १ नंबरचं दार धरलं. गाडी कुठे आहे ते सूत्रधाराला ठाऊक असतं. तो उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलायचंय? सगळे म्हणतात बदला. मी सगळ्या शक्यता लिहून काढल्या:

गाडी १, उघडलं २
गाडी १, उघडलं ३
गाडी २, उघडलं ३
गाडी ३, उघडलं २

पहिल्या दोन ओळींत न बदलता जिंकतो, शेवटच्या दोनांत बदलून. मग फायदा कुठे आहे?

अनघा
बदलायचंच. तुमच्या दारामागे गाडी असण्याची शक्यता एक तृतीयांश, बाकी दोघांमागे मिळून दोन तृतीयांश. त्यातलं एक उघडलं की ते दोन तृतीयांश उरलेल्या दाराकडे जातात. दार कोणीही, कसंही उघडो, बकरी निघाली म्हणजे झालं.

मिलिंद
जातात म्हणजे कसे? आणि माझ्या दाराकडे का येत नाहीत? यादीवर बोला ना. एकही ओळ सुटलेली नाही.

प्रभाकर काका
मिलिंद, ओळ सुटलेली नाही हे खरं, पण चारही ओळी सारख्या वेळा घडत नाहीत. हाच खेळ सहा वेळा झाला असं धर. गाडी तिन्ही दारांमागे सारखीच ठेवायची, म्हणजे प्रत्येकामागे दोन खेळ. गाडी २ मागे असेल तर सूत्रधाराला ३ उघडण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून ते दोन्ही खेळ "गाडी २, उघडलं ३" या एकाच ओळीत जातात. गाडी ३ मागे असेल तेव्हाही तसंच. पण गाडी १ मागे असेल तर त्याला दोन्ही दारं मोकळी. नाणं उडवून ठरवत असेल तर एका खेळात २ उघडेल, एकात ३. तुझ्या चार ओळींसमोर आता १, १, २, २ असे आकडे लिही. न बदलता दोन खेळ जिंकलास, बदलून चार.

आता फक्त ३ उघडलेले खेळ बघ. तीनच आहेत. त्यांतल्या एकात गाडी तुझ्याकडे, दोनांत २ मागे. १९९० साली मेरिलिन व्हॉस सावंत यांनी 'परेड' या अमेरिकन मासिकातल्या सदरात "बदला" असं उत्तर दिलं, तेव्हा त्यांना चुकीचं ठरवणारी हजारो पत्रं आली. लिहिणाऱ्यांत गणितात डॉक्टरेट मिळवलेलेही होते.

शेखर, वडोदरा
आमच्याकडे गणपतीत हा खेळ ठेवला होता. तीन स्टीलचे डबे, एकात चांदीचं नाणं. सूत्रधार उशिरा आला म्हणून एका मुलाला उभं केलं. नाणं कुठे आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने एक डबा उघडला, तो रिकामा निघाला. मी बदललं आणि हरलो. मग तुमचे दोन तृतीयांश गेले कुठे?

प्रभाकर काका
एका डावावरून काहीच ठरत नाही, शेखर. पण तुमचा खेळच निराळा होता. पुन्हा सहा खेळ मांडा. मुलगा न बघता उघडतो, म्हणून नाणं कुठेही असो, त्या दोन खेळांपैकी एकात तो २ उघडणार, एकात ३. नाणं २ मध्ये असताना २ उघडला तर नाणंच बाहेर येतं. ३ चंही तसंच. असे दोन खेळ बाद झाले, उरले चार. दोनांत नाणं तुमच्या डब्यात, दोनांत दुसऱ्यात. तिथे बदला किंवा बदलू नका, सारखंच.

अनघा
पण काका, डबा रिकामाच निघाला ना? डोळ्यांसमोरचं दृश्य तेच. उघडणाऱ्याच्या मनात काय होतं त्याने नाणं जागा थोडीच बदलतं?

प्रभाकर काका
नाणं जागचं हलत नाही, पण तुझ्यासमोर कुठले खेळ पोचतात ते बदलतं. जाणता सूत्रधार एकही खेळ बाद होऊ देत नाही. मुलाच्या हातून दोन बाद झाले, आणि ते दोन्ही बदलून जिंकण्याचेच होते. म्हणून "कोणीही, कसंही उघडो" हे तुझं वाक्य काढून टाक, बाकी उत्तर बरोबर आहे.

अनघा
हिशोब कळला. मनाला अजून पटत नाही.

मिलिंद
१, १, २, २ मान्य. पण नाणं उडवायचं कोणी ठरवलं? सूत्रधार ३ च्या जवळ उभा असेल आणि जमेल तेव्हा तेच उघडत असेल तर?

प्रभाकर काका
चांगलं विचारलंस. मग आकडे ०, २, २, २ होतात. ३ उघडलं तर दोन-दोन, म्हणजे बरोबरी. २ उघडलं तर गाडी नक्कीच ३ मागे. सहांत चार मात्र कायम, आणि बदलून तोटा कुठेच नाही.

शेखर, वडोदरा
आणि आपण बरोबर डबा धरला असेल तेव्हाच बदलायला विचारणारा कोणी असला तर?

प्रभाकर काका
तर बदललं की हरलात. विचारणं सक्तीचं आहे की त्याच्या मर्जीवर, ते आधी सांगायला हवं. मिलिंदने ते लिहिलेलंच नाही.

मिलिंद
कोड्यात ते गृहीतच असतं, काका.

शेखर, वडोदरा
आमच्या मांडवात तरी कोणी गृहीत धरलं नव्हतं.