रात्री टीव्ही बघून डोळे चुरचुरतात, फिल्टर लावू की मागं लाईट?

विश्रामबागवाला: ४३ इंची एलईडी टीव्ही आहे. पोरं झोपली की हॉलमधले सगळे दिवे बंद करून मॅच बघतो. निळा प्रकाश कमी करायचा मोड लावला, चित्र पिवळं झालं पण डोळे तसेच जळतात. मागं लाईटची पट्टी लावावी का नुसता खर्च?

मिरजेचा_मिस्त्री: पिवळं केलं म्हणून उजेड कमी होत नाही ओ, तो मोड बंदच करा. सेटिंगमध्ये Backlight बघा, शोरूमवाल्यासारखा ९०-१०० वर असणार, तो रात्री २५-३० वर आणा. Brightness ला हात लावू नका, बऱ्याच टीव्हीत त्यानं फक्त काळा रंग वरखाली होतो आणि अंधारातले सीन गुडूप होतात.

कृष्णाकाठची_ताई: फिल्टर अगदीच फालतू नाही हां, मला त्यानं झोप लवकर लागते.

मिरजेचा_मिस्त्री: झोपेचं वेगळं ताई, तिथं थोडाफार फरक पडत असेल. डोळ्यांच्या ताणावर निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचा २०२३ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, साध्या चष्म्यापेक्षा फारसा फायदा दिसला नाही. खरा त्रास काळ्या भिंतीत एकच झगझगीत चौकोन असण्याचा, म्हणून मागं उजेड हवा.

तासगावकर: मी रंग बदलणारी रिमोटची पट्टी लावली, लाल-निळा करतो, पोरं खूश 😄 डोळे मात्र जास्तच दुखायला लागले.

मिरजेचा_मिस्त्री: दुखणारच की. पांढराच हवा, ६५०० केल्विन, म्हणजे आपल्याकडं दुकानात मिळतो तोच कूल डेलाईट. आणि मंद. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र थांबवून बघा, भिंतीवरचा उजेड त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका पुरे. पट्टी कडेपासून दोन-तीन इंच आत चिकटवा, एलईडीचा ठिपका सोफ्यावरून दिसला की सगळं मुसळ केरात. भिंत पोपटी असंल तर उजेडही पोपटी येतो आणि चित्राचे रंग उगाच लालसर वाटायला लागतात.

जुना_सातारकर: एवढं कशाला? आमच्या वडिलांनी जन्मभर ट्यूब लावून टीव्ही बघितला, पट्टीबिट्टी शहरी चोचले.

मिरजेचा_मिस्त्री: काका, तुमची ट्यूब समोरच्या भिंतीवर असंल तर पडद्यात तिचीच रेघ दिसते. टीव्हीच्या मागं असंल तर चालतंय, पट्टीचे पैसे वाचले.

कृष्णाकाठची_ताई: मोबाईलच्या मागं पण पट्टी लावायची का मग? मी तर अंधारात मोबाईलच बघते.

जुना_सातारकर: 😂 ताई, खोलीतला दिवा लावा.

विश्रामबागवाला: काल करून बघितलं. Backlight ३० ला बरं वाटलं, पट्टी अजून घेतली नाही. हुरूप येऊन १० वर नेलं तर तासाभरात डोकं धरलं, हे उलटंच झालं की.

मिरजेचा_मिस्त्री: काही पॅनल कमी Backlight ला दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. १० वर ठेवून मोबाईलच्या स्लो मोशननं पडदा शूट करा, पट्टे किंवा लुकलुक दिसली आणि ३० ला ती कमी झाली तर ३० वरच ठेवा. स्वस्त डिमरवाल्या पट्टीचंही असंच होतं, घेताना तिलाही बघा.

विश्रामबागवाला: पट्टे दिसतायत, पण ३० ला पण थोडे आहेतच. पट्टी लावून ५० वर ठेवलं तर?

कृष्णाकाठची_ताई: मी अजूनही म्हणते, फिल्टर चालूच ठेवा.