गप्पांचा उतरवलेला मजकूर: वेगळं पान की भागाच्याच पानावर?

देवगडचा बागायतदार (मूळ प्रश्न)
हापूसच्या बागायतदारांशी केलेल्या गप्पांचे 62 भाग झाले. प्रत्येक भागाचं एक पान आहे, त्यावर प्लेअर आणि तीन ओळी. यंत्राने उतरवलेला पूर्ण संवाद दुसऱ्या पानावर. शिवाय एकेका प्रश्नाचं छोटं पान, भागामागे साधारण दहा. गूगलवर शोधलं तर भलतंच पान येतं, नाहीतर काहीच येत नाही. हा मजकूर ठेवू की काढून टाकू?

अलिबागचा वेबवाला
काढू नका. संवादाच्या पानावर canonical, म्हणजे "मूळ पान ते" असं गूगलला सांगणारी खूण लावून ते भागाच्या पानाकडे वळवा, काम झालं. एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गूगल शिक्षा करतं, तुमचं तेच झालेलं दिसतंय.

रत्नागिरी, मजकूर संपादन
दादा, canonical हे साधन बरोबर आहे, पण इथे लावलं तर नुकसान होईल. ते जवळजवळ सारख्या दोन पानांसाठी असतं. इथे एका पानावर तीन ओळी आहेत आणि दुसऱ्यावर पाच हजार शब्द. गूगलने तुमची सूचना मानली, तर शोधात फक्त तीन ओळींचं पान राहील आणि पाच हजार शब्द बाहेर पडतील. नाही मानली, तर आज आहे तोच गोंधळ चालू राहील. शिक्षेचं म्हणाल, तर नुसत्या सारख्या मजकुराला शिक्षा नसते. गूगल त्यातलं एक पान निवडतं आणि बाकीची बाजूला ठेवतं. ते आपल्याला हवं तेच निवडेल याची खात्री नाही, अडचण एवढीच आहे.

माझं मत: एका भागाला एकच पान, आणि संवाद त्याच पानावर प्लेअरच्या खाली. छोटी पानं तर बंदच करा. आंब्याला मोहोर यावा म्हणून घालतात त्या कल्टार या औषधावरचा तुमचा भाग मी उघडून पाहिला. 42 मिनिटांच्या गप्पांची अकरा छोटी पानं आहेत. एकाची सुरुवात "हो, तेच सांगतो, म्हणजे मघाशी म्हटलं तसं" अशी आहे आणि सगळा मजकूर नव्वद शब्दांचा. शोधून आलेल्या बागायतदाराला त्यातून काय कळणार? कशाबद्दल चाललंय तेच तिथे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट संवादाच्या पानावर आहे. त्या भागातले बागायतदार काका बोलतात, "झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिली". यंत्राने "तीस मिली" लिहिलंय. आठ मीटरच्या झाडाला 24 मिलीच्या जागी 240 मिली पडतील. ऐकणारा चुकणार नाही, वाचणारा चुकेल, आणि शोधातून येतो तो वाचणाराच. म्हणून आकडे, औषधांची नावं आणि महिने हे तीन तरी कानाने ऐकून तपासल्याशिवाय मजकूर टाकू नका.

वेंगुर्ल्याचो
आकड्यांचा पटला. पण संपादन म्हणजे आमच्या काकांची मालवणी काढून पुस्तकी मराठी घालणार असशात, तर माका अजिबात पटणा नाय. तो माणूस बोलता तसोच दिसाक होयो.

रत्नागिरी, मजकूर संपादन
बोलीला हात लावायचा नाही, हे मलाही मान्य. मी काढते ते "म्हणजे", "काय ते" असे अडखळ आणि अर्धवट सोडलेली वाक्यं. पण शोधणारा माणूस "कल्टार कधी घालावे" असं प्रमाण मराठीत टाइप करतो. म्हणून काकांचं बोलणं मालवणीत ठेवायचं आणि त्यावरचं उपशीर्षक प्रमाण मराठीत द्यायचं. कल्टारच्या भागाला मी पाच उपशीर्षकं देईन, प्रत्येकापुढे वेळ. वर पाच-सहा ओळींत मुख्य उत्तर: पंधरा जुलै ते पंधरा ऑगस्ट, दर मीटरला तीन मिली, आणि कोणत्या झाडांना घालू नये असं काका म्हणाले ते. खाली पूर्ण संवाद. पान लांब वाटलं तर असं मिटवून ठेवता येतं:

```html
<details>
  <summary>पूर्ण संवाद वाचा</summary>
  <h3 id="kaltar-kadhi">कल्टार कधी आणि किती? (12:40)</h3>
  <p>...</p>
</details>
```

मिटलेलं असलं तरी हे गूगलला वाचता येतं, कारण मजकूर पानातच असतो. काही प्लगइन मात्र बटण दाबल्यावरच मजकूर मागवतात. गूगल बटण दाबत नाही, त्यामुळे तो मजकूर त्याच्या लेखी नसतोच. छोट्या पानांचे जुने पत्ते 301 या कायमच्या रीडायरेक्टने भागाच्या पानावर वळवा, म्हणजे कोणी पाठवलेली लिंक मोडणार नाही.

मालवण बंदर
माझे मासळी लिलावाचे व्हिडिओ आहेत. बोटीवर आवाज न लावता बघतात म्हणून अक्षरं चित्रावरच उमटवलीत. मग माझा मजकूर शोधात आलाच ना?

अलिबागचा वेबवाला
यावर भरवसा ठेवू नका, ती अक्षरं चित्राचाच भाग आहेत. .srt किंवा .vtt अशी कॅप्शनची फाइल वेगळी चढवा, म्हणजे पाहणाऱ्याला ती चालू-बंदही करता येईल. आणि वरचं माझं canonical मागे घेतो. तीन ओळींचं पान मी नीट वाचलंच नव्हतं.

रत्नागिरी, मजकूर संपादन
एक जोडते. यूट्यूबवर चढवलेली कॅप्शन यूट्यूबकडेच राहतात. तो प्लेअर तुमच्या पानात बसवला म्हणून ते शब्द तुमच्या पानाचे होत नाहीत. लिलावातले भाव वाचून मिळायला हवे असतील, तर ते पानावर लिहावेच लागतील. पण लिलावाचा पूर्ण संवाद उतरवू नका. "आठशे, साडेआठशे" अशा हाका वाचून कोणाला काही मिळणार नाही. त्या दिवशी कुठली मासळी कितीला गेली, एवढ्या चार ओळी पुरे.

दापोलीची वाचक
माझ्या भावाला ऐकू येत नाही. तुम्ही सगळे शोधाचं बोलताय, त्याच्यासाठी मात्र हा मजकूर म्हणजेच कार्यक्रम आहे. "अडखळ काढते" म्हणालात तिथे मी थांबले. बागायतदार कुठे थांबला, कुठे हसला, कुठे "नको रे बाबा" म्हणाला, ते आम्हाला हवं असतं. पाच-सहा ओळींचं उत्तर वाचून त्याला गप्पा मिळत नाहीत.

रत्नागिरी, मजकूर संपादन
ताई, तुमचं खरं आहे. व्हिडिओवरची कॅप्शन मी जशीच्या तशी ठेवते, हसणं आणि शांतता कंसात. पण हे भाग नुसत्या आवाजाचे आहेत, तिथे तुमच्या भावासाठी पानावरचा मजकूर हाच एकमेव मार्ग, आणि मी छाटते तोच. दोन्ही आवृत्त्या पानावर दिल्या तर तेच वाक्य दोनदा येतं. जशाच्या तशा आवृत्तीची डाउनलोड करायची फाइल देता येईल, पण फाइल उघडायला लावणं म्हणजे पुन्हा त्यालाच जास्त कष्ट. यावर मला समाधानकारक उत्तर अजून सापडलेलं नाही.

वेंगुर्ल्याचो
मग छाटू नकात. उपशीर्षकां दिलास तर लांब मजकुरातसुद्धा माणसाक हवा ता गावता.

देवगडचा बागायतदार
"तीस मिली" आजच दुरुस्त केलं. आधी कल्टारचा एकच भाग असा करतो, न छाटता, उपशीर्षकं घालून. अकरा छोटी पानं वळवतो. जमलं की नाही हे कसं ओळखू?

रत्नागिरी, मजकूर संपादन
आधी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये URL Inspection उघडून गूगलला दिसलेल्या HTML मध्ये तिसाव्या मिनिटानंतरचं एखादं वाक्य शोधा. तिथे नसेल तर पुढे काही होणार नाही, प्लगइन बदला. असेल तर काही आठवडे थांबून तेच वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाका. भागाचं पान आलं पाहिजे. वळवलेली पानं सर्च कन्सोलमध्ये "Page with redirect" खाली दिसतील, ते ठीकच आहे. भागाचं पानच "Crawled - currently not indexed" मध्ये, म्हणजे गूगलने वाचलं पण शोधात घेतलं नाही अशा यादीत अडकलं, तर इथे सांगा, बाकीच्या 61 भागांना तोवर हात लावू नका.