मदत हवी आहे: हनोईला जाणाऱ्यांसाठी अभिवादनाचा कागद

पहिल्यांदाच व्हिएतनामला जाणाऱ्या आमच्या गटासाठी एक पानी कागद करतोय. मजकूर तयार आहे, पण दोन गोष्टी अडल्या आहेत.

तिथे नमस्कार म्हणून नुसतं 'चाव' अपुरं वाटतं. त्यामागे समोरच्याचं नातं जोडावं लागतं: वयाने लहान असेल तर एम, थोडा मोठा पुरुष आञ, थोडी मोठी बाई ची. आईवडिलांच्या वयाची माणसं असतील तर ती त्यांच्याहून मोठी की धाकटी, यावर शब्द ठरतो. मोठी असतील तर बाक. धाकटी असतील तर पुरुषाला चू, बाईला को. आजीच्या वयाची बाई म्हणजे बा. तिशीतल्या माणसाने पंचाहत्तरीच्या विक्रेतीला म्हणायचं, "चाउ चाव बा आ". इथे 'चाउ' म्हणजे नातवंड, स्वतःसाठी, आणि शेवटचा 'आ' आदराचा.

निघताना तेच वाक्य पुन्हा चालतं, किंवा "चाउ वे आ", म्हणजे निघतो. पुस्तकातलं 'ताम बिएत' दुकानातून निघताना जड वाटतं, ते लांबच्या निरोपाचं. सकाळचं 'चाव बुओई सांग'ही रोजच्या बोलण्यात कमीच. वेळेपेक्षा वय महत्त्वाचं.

आता प्रश्न. 'बा'चा सूर खाली उतरतो. सपाट ठेवला तर 'तीन' होतं. देवनागरीत हा उतार कसा दाखवावा, बाणाने की अधोरेखेने? आणि वय ओळखता येत नसेल, तेव्हा हनोईत राहिलेले तुम्ही आधी वय विचारता की थेट एखादा शब्द वापरता? कोणता?