उड्डाण रद्द झालंय: ॲप, फोन की रांग? (तातडीचं)

मेधा, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं विमानतळावर अडकलोय: मी, सचिन, नऊ वर्षांची ईरा आणि मांडीवरचा अकरा महिन्यांचा कबीर. वादळामुळे संध्याकाळपासूनची जवळजवळ सगळी उड्डाणं रद्द झाली, त्यात आमचंही. तिकीट एकच आहे, पण दोन टप्प्यांचं, आणि दुसरा टप्पा वेगळ्या कंपनीच्या विमानाचा. ॲप परवा रात्रीचं विमान देतंय. खाली तीन बटणं आहेत: Accept, Change, Refund. Change दाबलं की "Please contact us" येतं. फोनवर पाऊण तास नुसतं संगीत ऐकतेय. सचिन काउंटरच्या रांगेत आहे, पुढे शंभरेक माणसं. बॅगा आत गेल्यात. कशावर भर देऊ?

नितीन, ९:५८

रांग सोडून द्या, वेळ फुकट जातो. आणि Accept मुळीच दाबू नका, एकदा मान्य केलं की कंपनी हात झटकते. सरळ Refund घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढा. मी असंच केलं होतं, सकाळी घरी पोहोचलो.

विद्या, १०:१०

मेधा, आधी हे वाच: Refund ला हात लावू नकोस. नितीन, तू एकटा होतास आणि तुला जागा मिळाली, म्हणून ते जमलं. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं की ती तुला एकतर पोहोचवते, नाहीतर पैसे परत देते. पैसे घेतलेस की पोहोचवायची जबाबदारी संपली. मग आज रात्रीच्या भावाने चार जणांची तिकिटं तुम्हाला स्वतः काढावी लागतील, आणि परतावा हातात यायला किती दिवस लागतील कोण जाणे.

मी अठरा वर्षं तिकिटिंगला काढली, त्यावरून सांगते. परवाचं विमान घेऊन ठेव. निदान तीन जागा तुमच्या नावावर राहतील, आणि शोध थांबवायचं कारण नाही. फक्त बटण दाबण्याआधी चौघांची नावं दिसतात का बघ, विशेषतः कबीरचं. पुढे बदल करता येईल, अशी ओळ कुठे आहे का तेही वाच. तशी ओळ नसेल तर थोडं थांब.

Change का चालत नाही? ॲप फक्त सरळ प्रकरणं सोडवतं. मांडीवरचं मूल, दोन कंपन्या, त्यात तुमचं चेक-इन झालेलं. यातलं एकही असलं तरी ते हात वर करतं, तुमच्याकडे तर तिन्ही आहेत. म्हणजे माणूस लागणारच.

आता रांगेचा हिशेब कर. शंभर माणसं म्हणजे साधारण पन्नास बुकिंग. अशा रात्री एका बुकिंगला दहा मिनिटं सहज जातात. काउंटर दोन उघडे असले तर चार तास. फोन त्याआधी लागायची शक्यता जास्त, म्हणून तू फोन सोडू नकोस. त्याच कंपनीचा दुसऱ्या देशातला नंबर मिळाला तर तोही लावून बघ. बुकिंग सगळ्यांना एकच दिसतं आणि तिकडे गर्दी कमी असते. पण सचिनला रांगेतून काढू नकोस. कारण पुढे कळेल.

आणि फोन लागल्यावर "काहीतरी करा" म्हणू नकोस. आत्ताच शोधून ठेव: उद्या कुठून कुठे, कोणत्या कंपनीचं, कोणत्या क्रमांकाचं विमान, तीन जागा दिसतात का. असे दोन पर्याय लिहून ठेव. पलीकडच्या माणसाला शोधायला लावलं तर तो त्याच्या पडद्यावर पहिलं येईल ते देतो.

भालचंद्र, १०:२५

विद्याताई, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गुडघ्यामुळे मला पुढच्या महिन्याचा प्रवास रद्द करायचा आहे. मलाही पूर्ण परतावा मिळेल ना? बाकी मेधा, माणूस समोर असला की काम होतं, रांगच बरी.

विद्या, १०:३१

काका, तुमचं विमान उडणार आहे, तुम्ही जात नाही आहात. तिथे तुमच्या तिकिटाच्या अटी लागतात. उद्या वेगळं लिहा, बघू. रांगेबद्दल मात्र तुमचं निम्मं खरं आहे.

मेधा, ११:४०

फोन लागला! विद्याताई, तुमच्यामुळे पर्याय लिहिलेले होते. उद्या सकाळी ११:२० चं, दुसऱ्या शहरातून जाणारं, त्यात तीन जागा होत्या. बाईंनी जागा धरल्या, पण म्हणाल्या, "तुमचं चेक-इन अजून उघडं दिसतंय, विमानतळावरच काढावं लागेल, तोवर तिकीट बदलता येत नाही." सचिनपुढे अजून वीस जण होते.

विद्या, ११:४६

हेच ते कारण. रद्द झालेल्या विमानावर तुम्ही अजून "चढायला तयार" म्हणून नोंदलेले आहात. ती नोंद आपोआप निघायला हवी, पण अशा गोंधळात कधी अडकून राहते. काउंटरवाले ती काढू शकतात. सचिनला म्हणावं, आधी चेक-इन काढायला सांग, मग बॅगांच्या पावत्या दाखव आणि बॅगा नव्या विमानाला जोडायला सांग. नवं विमान त्यांना शोधायला लावू नकोस, ते झालंय. दोन मिनिटांचं काम म्हटलं की तेही खूश होतात.

मेधा, १२:५५

चेक-इन काढलं. ॲपमध्ये ११:२० चं विमान हिरव्या अक्षरात "Confirmed" दिसतंय. झोपू का?

विद्या, १:०२

अजून नाही. जागा धरणं आणि तिकीट देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "Confirmed" म्हणजे जागा आहे, तिच्यामागे तिकीट आहेच असं नाही. नव्या विमानांचे क्रमांक असलेली ई-तिकिटाची पावती ईमेलने आली का? तिच्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो, प्रत्येकाचा वेगळा. मांडीवरच्या मुलाला जागा नसते, पण तिकीट असतं. दुसऱ्या कंपनीचा सहा अक्षरी बुकिंग कोड वेगळा असतो, तोही मागून घे आणि त्यांच्या साइटवर टाकून बघ.

मेधा, १:२०

पावत्या तीनच आल्यात. कबीरची नाही!!

विद्या, १:२४

मग पुन्हा फोन. हे शब्द वापर: "बाळाचं तिकीट रीइश्यू झालेलं नाही, करून पावती पाठवा." जागांबद्दल बोलूच नकोस, नाहीतर नवा माणूस सगळं मोडून पहिल्यापासून सुरू करेल. हे सकाळी दारात कळलं असतं तर तुम्ही तिघं आत आणि बाळ बाहेर, म्हणजे चौघंही बाहेर.

नितीन, सकाळी ७:१५

मेधा, मिळालं का? विद्याताई, म्हणजे Accept दाबणं नेहमीच सुरक्षित?

विद्या, ७:४०

नेहमीच म्हणणार नाही. काही कंपन्या पुन्हा एकदा फुकट बदल देतात, काही Accept नंतर वाद घालतात. आमच्या वेळी फोनवरच्या माणसागणिकही उत्तर बदलायचं. म्हणून ती ओळ वाचायला सांगितली.

मेधा, १०:४८

गेटवर आहोत. चौथी पावती पहाटे साडेतीनला आली. सचिन म्हणतो, रांगेत दोन तासांहून जास्त घालवले ते चेक-इन काढण्यासाठी, आणि ते काम खरंच दोन मिनिटांत झालं. बॅगा जोडल्यात असं सांगितलंय, पण ॲपमध्ये चारपैकी तीनच दिसतात. पोहोचल्यावर कळवते.