प्रतिसाद: सेन्सरच्या आधी अर्थिंग मोजा

"एबीएसचा दिवा मधूनच लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. सेन्सर बदलू का?"

एवढ्यात नको. दिवा रात्री, पावसात, म्हणजे हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम चालू असतानाच लागतो का, ते आधी बघा. इथे बडोद्यात मेव्हण्याच्या गाडीचं तसंच होतं. हेडलाइट आणि एबीएस, दोन्हीच्या अर्थच्या वायरी एकाच बोल्टवर होत्या आणि पावसाळ्यात तो आतून गंजला होता. वरून घट्टच वाटायचा! ओहममध्ये मोजून हे कळत नाही, कारण मीटरचा करंट अगदी कमी असतो आणि तेवढा गंजलेल्या जोडातूनही जातो. म्हणून इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बोल्टखालच्या लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला. 0.1 च्या आसपास ठीक, आमच्याकडे 0.9 आले. वर एबीएसचा पंप करंट ओढतो तेव्हा हा आकडा आणखी वाढतो, एबीएसला व्होल्टेज कमी पडतं आणि दिवा लागतो. लग आणि खालचा पत्रा चकचकीत घासून बोल्ट आवळला, व्हॅसलीन लावलं, तेव्हापासून दिवा नाही. आकडा मुळातच कमी आला, तर मात्र चाकाजवळचा कनेक्टर उघडून हिरवट पिना शोधा. सेन्सरचा नंबर त्यानंतर.