मदत हवी आहे: आयएसटी नेमकं कुणाचं?

जुलैत डब्लिनच्या सहकाऱ्याचा निरोप आला, `2:00 PM IST`. मी आपल्या दोन वाजता हजर, समोर कुणीच नाही! त्याचं आयएसटी आयर्लंडचं निघालं, म्हणजे यूटीसी अधिक 1 तास. आपलं अधिक साडेपाच. त्याचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. (इस्रायलचंही आयएसटी आहेच, म्हणा.)

आता दर आठवड्याच्या बैठकीसाठी `13:00 UTC` लिहावं म्हणतोय. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग तीच बैठक त्यांच्याकडे एक वाजता, ऐन जेवणात येईल. कॅलेंडरमध्ये `Europe/Dublin` ठेवलं तर हिवाळ्यात आपले साडेसात होतात. अशा वेळी तुम्ही काय पक्कं धरता, यूटीसी की त्यांचं शहर?